74LS च्या जागी 74HC चालेल का? नॉइज मार्जिन, फॅन-आउट आणि डिले यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्या-नवी मुंबईतले डिप्लोमाचे विद्यार्थी आणि रबाळे, महापे, वागळे इस्टेट भागात जुनी कार्डं दुरुस्त करणारे तंत्रज्ञ यांच्याकडून फिरून फिरून एकच प्रश्न येतो. लॅमिंग्टन रोडला 74LS मागितला, दुकानदाराने 74HC दिला आणि म्हणाला, "नंबर तोच आहे, पिनाही त्याच आहेत, लावा." लावला तर चालतोही. मग अडचण कुठे आहे? या एका अदलाबदलीत नॉइज मार्जिन, फॅन-आउट आणि प्रोपगेशन डिले हे तिन्ही विषय येतात, म्हणून खालचे सगळे प्रश्न तिच्याभोवतीच घेतले आहेत. सप्लाय सगळीकडे ५ व्होल्ट धरला आहे.

## नॉइज मार्जिन डेटाशीटवरून कसं काढायचं?

डेटाशीटमधले चार आकडे पुरतात. दोन आउटपुट देणाऱ्या चिपचे आणि दोन इनपुट घेणाऱ्या चिपचे. VOH म्हणजे आउटपुट 'हाय' असताना निदान इतका व्होल्टेज मिळेल ही कंपनीची हमी. VIH म्हणजे इनपुटला 'हाय' म्हणून ओळखायला निदान इतका व्होल्टेज लागेल. VOL आणि VIL ही 'लो'ची तशीच जोडी.

```
NM(high) = VOH(min) − VIH(min)
NM(low)  = VIL(max) − VOL(max)
```

74LS ला 74LS जोडला तर VOH २.७ व्होल्ट आणि VIH २.० व्होल्ट, म्हणून हायचं मार्जिन ०.७ व्होल्ट. लोच्या बाजूला VIL ०.८ आणि VOL ०.५, म्हणून फक्त ०.३ व्होल्ट. जुन्या साध्या 7400 मध्ये दोन्हीकडे ०.४ व्होल्ट मिळतात. बहुतेक पाठ्यपुस्तकांत 'टीटीएलचं नॉइज मार्जिन ०.४ व्होल्ट' असं जे दिसतं, ते या साध्या 7400 चं.

74HC ला 74HC जोडला तर चित्र फारच सुखाचं आहे. त्याचा VIH सप्लायच्या सुमारे ७० टक्के आणि VIL सुमारे ३० टक्के असतो. डेटाशीटमध्ये ४.५ व्होल्ट सप्लायला ३.१५ आणि १.३५ असे आकडे दिसतील. आउटपुटवर दुसरं सीमॉस इनपुटच असेल, तर ते सप्लायपासून आणि ग्राउंडपासून जेमतेम ०.१ व्होल्टवर बसतं. म्हणजे ४.५ व्होल्ट सप्लायलाही दोन्ही बाजूंना १.२५ व्होल्ट.

घोळ होतो तो दोन वेगळी कुटुंबं जोडल्यावर, कारण तेव्हा हमी देणारा एक असतो आणि मागणारा दुसरा.

## 74LS चं आउटपुट 74HC ला दिलं तर हिशेब काय येतो?

LS ची हमी २.७ व्होल्टची. ५ व्होल्टवर HC ची मागणी ३.५ व्होल्टची. मार्जिन उणे ०.८ व्होल्ट. सर्किटमध्ये नॉइज अजिबात नसला, तरी हायची पातळी ओळखली जाईलच अशी हमी इथे कुणीच देत नाही.

लोची बाजू मात्र सुधारते. HC चा VIL १.५ व्होल्ट आणि LS चा VOL ०.५ व्होल्ट, म्हणजे पूर्ण १ व्होल्ट. फसवणूक इथेच होते. मल्टिमीटरने लो तपासलं तर चोख दिसतं, हाय तपासलं तर ३.४ व्होल्ट दिसतं, आणि माणूस निश्चिंत होतो.

## मार्जिन उणे असताना टेबलावर सर्किट चालतं कसं?

डेटाशीटमधले आकडे सर्वांत वाईट चिपचे, सर्वांत वाईट तापमानाचे आणि पूर्ण लोडचे असतात. हातातली चिप सहसा त्यापेक्षा बरी असते. LS चं हाय प्रत्यक्षात ३.४ व्होल्टच्या आसपास असतं. HC चा खरा उंबरठा, म्हणजे जिथे इनपुट शून्यातून एकात जातं तो बिंदू, सप्लायच्या निम्म्यावर, २.५ व्होल्टजवळ असतो. ३.४ हे २.५ पेक्षा जास्त, म्हणून सर्किट चालतं.

आता त्याच जागी LS असता तर किती राखीव होतं ते पाहा. टीटीएल इनपुटचा खरा उंबरठा १.३ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे ३.४ व्होल्टचं हाय उंबरठ्यापासून २.१ व्होल्ट दूर होतं. HC लावल्यावर तेच अंतर ०.९ व्होल्ट उरलं. सर्किट चालू राहिलं, पण सहनशक्ती निम्म्याहून कमी झाली, आणि शांत टेबलावर हे कळायला काही मार्ग नाही. म्हणून 'लावून पाहिलं, चाललं' हा निकाल मी या बाबतीत पुरावा मानत नाही.

## हे प्रत्यक्षात कुठे बाधतं? एखादं उदाहरण द्या.

रबाळे एमआयडीसीतल्या एका पॅकिंग लाइनवरचं मोजणीचं कार्ड घ्या. सेन्सरचा पल्स 74LS14 मधून येतो, हातभर रिबन केबलमधून दुसऱ्या कार्डावर जातो आणि तिथे काउंटर चिपच्या क्लॉकला लागतो. मूळ चिप 74LS393. ती बिघडली आणि कुणीतरी 74HC393 बसवली. टेबलावर शंभर पल्स दिले, शंभरच मोजले गेले. मशीनवर मात्र बॉक्स जास्त मोजले जाऊ लागले, आणि तेही काही वेळाच.

393 चा काउंटर क्लॉक हायवरून लोवर येताना एकने पुढे जातो. सेन्सरसमोर काही नसताना या कार्डात क्लॉकची रेषा हायवर, ३.४ व्होल्टवर थांबलेली असते. शेजारचा मोटरचा कॉन्टॅक्टर खेचला की त्याच्या कॉइलच्या वायरिंगमधून केबलवर क्षणभराचा खड्डा पडतो. समजा तो १ व्होल्टचा आहे. रेषा २.४ व्होल्टपर्यंत खाली येते. LS393 साठी २.४ अजून हायच आहे, १.३ बरंच खाली राहिलं. HC393 साठी २.४ म्हणजे उंबरठ्याच्या खाली. पल्स पडला, आकडा एकने वाढला. तोच कॉन्टॅक्टर, तीच केबल, तोच खड्डा. बदललं ते फक्त इनपुट.

आणखी एक गोष्ट या कार्डांत हमखास असते. दोन कार्डांना सप्लाय दोन वेगळ्या रेग्युलेटरमधून किंवा कमीजास्त लांबीच्या वायरीतून येतो. LS चं हाय म्हणजे त्याच्या सप्लायपेक्षा साधारण १.६ व्होल्ट कमी. LS च्या कार्डावर ४.८ व्होल्टच पोचत असतील तर हाय ३.२ होतं. HC च्या कार्डावर ५.२ असतील तर उंबरठा २.६ वर चढतो. राखीव अंतर ०.९ वरून ०.६ व्होल्टवर येतं. टीटीएलचा उंबरठा सप्लायबरोबर फारसा हलत नाही, म्हणून मूळ चिपवर या फरकाचा परिणाम जाणवत नव्हता.

## असा दोष ओळखायचा कसा?

आधी चिपांवरचे नंबर वाचा. देणारी LS (किंवा साधी 74, 74S, 74ALS) आणि घेणारी HC किंवा CD4000 असेल, तर संशयाला पुरेसं कारण मिळालं. मग ऑसिलोस्कोप लावा: प्रोब ×१० वर, कपलिंग डीसीवर, आणि ग्राउंडची क्लिप घेणाऱ्या चिपच्या ग्राउंड पिनजवळ. देणाऱ्या कार्डाच्या ग्राउंडवर लावली तर दोन ग्राउंडमधला फरक दिसणारच नाही, आणि तोही मार्जिनमधूनच कापला जातो. रेषा हायवर असताना ट्रिगर २.५ व्होल्टला, उतरत्या कडेवर आणि सिंगल मोडवर ठेवा. मग कॉन्टॅक्टर चालू-बंद करायला सांगा. सेन्सरसमोर काही नसताना ट्रिगर लागला, तर दोष सापडला.

## मग HCT लावावा की पुल-अप रेझिस्टर?

74HCT मिळत असेल तर तोच. आतून तो सीमॉस आहे, पण इनपुटचे उंबरठे टीटीएलसारखे, VIH २.० आणि VIL ०.८ व्होल्ट. LS कडून आलेल्या सिग्नलला पुन्हा ०.७ आणि ०.३ व्होल्टचं मार्जिन मिळतं. लक्षात घ्या, हे LS पेक्षा जास्त नाही. HCT लावल्याने नॉइज सोसण्याची ताकद वाढली असं काही जण धरून चालतात, ते LS च्या सिग्नलबाबत खरं नाही. गमावलेलं परत मिळालं, इतकंच.

HCT ची किंमतही आहे. इनपुट २.४ व्होल्टसारख्या मधल्या पातळीवर राहिलं की आतले दोन्ही ट्रान्झिस्टर थोडे थोडे चालू राहतात आणि प्रत्येक इनपुटमागे मिलीअँपिअरच्या घरात करंट वाहू शकतो. मेनवरच्या कार्डात याने बिघडत नाही, बॅटरीवरच्या उपकरणात मात्र हिशेब करावा लागतो.

HCT मिळालाच नाही, तर LS च्या आउटपुटपासून ५ व्होल्टला पुल-अप रेझिस्टर लावतात. तो हायला ३.४ वरून जवळजवळ ५ व्होल्टपर्यंत ओढून नेतो. रेझिस्टर किती ओहमचा घ्यायचा? आउटपुट लो असताना रेझिस्टरचा करंट LS ला गिळावा लागतो. ४ मिलीअँपिअरची मर्यादा पाळायची तर ४.६ व्होल्ट भागिले ४ मिलीअँपिअर, म्हणजे ११५० ओहमच्या खाली जायचं नाही. मी २.२ किलोओहम वापरतो, लोमध्ये त्यातून सुमारे २.१ मिलीअँपिअर जातात.

वरच्या बाजूला मर्यादा डिलेची. LS स्वतः सिग्नलला झटकन २.७ किंवा ३.४ व्होल्टपर्यंत नेतो, पुढचं अंतर रेझिस्टरला एकट्याने केबलचं आणि इनपुटचं कपॅसिटन्स चार्ज करत कापावं लागतं. वाईट चिप धरून, २.७ पासून ३.५ व्होल्टपर्यंत, कपॅसिटन्स ५० पिकोफॅरड:

```
t = R × C × ln((5 − 2.7) / (5 − 3.5))
  = 2200 × 50 pF × 0.427 ≈ 47 ns
```

74LS00 चा स्वतःचा डिले साधारण १० नॅनोसेकंद. म्हणजे एका रेझिस्टरने चार-पाच गेटांइतका उशीर जोडला. ४.७ किलोओहम घेतलात तर हाच आकडा १०० नॅनोसेकंदांवर जातो. बॉक्स मोजणाऱ्या कार्डाला याचं सोयरसुतक नाही. १० मेगाहर्ट्झच्या क्लॉकचं पूर्ण चक्रच १०० नॅनोसेकंदांचं असतं, तिथे पुल-अपचा विचार सोडून द्या.

## LS चा फॅन-आउट २० कसा येतो, आणि वीसच्या वीस इनपुटं जोडावीत का?

टीटीएल इनपुट लो ठेवायचं तर त्यातून बाहेर येणारा करंट आउटपुटला ओढून ग्राउंडला न्यावा लागतो. LS च्या एका इनपुटातून जास्तीत जास्त ०.४ मिलीअँपिअर येतो, आउटपुट ८ मिलीअँपिअर गिळू शकतं. भागाकार २०. हायच्या बाजूला आउटपुट ०.४ मिलीअँपिअर देतं, इनपुट २० मायक्रोअँपिअर घेतं, तिथेही २०. दोन्हींतला लहान आकडा हा फॅन-आउट. साध्या 7400 चे आकडे १६ आणि १.६ मिलीअँपिअर, म्हणून तिथे १०.

पण डेटाशीटची ओळ नीट वाचा. LS चा VOL दोन ठिकाणी दिलेला असतो: ४ मिलीअँपिअरला ०.४ व्होल्ट आणि ८ मिलीअँपिअरला ०.५ व्होल्ट. म्हणजे दहा इनपुटं जोडलीत तर लोचं मार्जिन ०.४ व्होल्ट राहतं, वीस जोडलीत तर ०.३. फॅन-आउट वाढवताना तुम्ही नॉइज मार्जिनमधूनच देणं फेडत असता. पॅनेलमधल्या कार्डावर मी दहाच्या पुढे जात नाही, आणि पुल-अप लावला असेल तर त्याचे २.१ मिलीअँपिअरही याच खात्यात धरतो.

## सीमॉसचा फॅन-आउट हजारोंमध्ये सांगतात. खरंच एवढा असतो का?

भागाकार तसाच येतो. HC च्या इनपुटची गळती जास्तीत जास्त १ मायक्रोअँपिअर, आउटपुटची क्षमता ४ मिलीअँपिअर, उत्तर ४०००. परीक्षेत हे लिहिलं तर गुण मिळतील, पण सर्किटमध्ये या आकड्याला अर्थ नाही.

सीमॉसचं इनपुट म्हणजे एक छोटा कपॅसिटर, साधारण ५ पिकोफॅरडचा. ४००० इनपुटं म्हणजे २० नॅनोफॅरड. HC आउटपुटचा अंतर्गत रोध ८० ओहम धरला (४ मिलीअँपिअरला ०.३३ व्होल्ट यावरून हा आकडा निघतो), तर निम्मी पातळी गाठायला ०.७ × ८० ओहम × २० नॅनोफॅरड, म्हणजे सुमारे १.१ मायक्रोसेकंद लागतील. आठ-नऊ नॅनोसेकंदांचं गेट शंभर पटींहून मंद झालं. शिवाय कडेचा चढण्याचा वेळ साडेतीन मायक्रोसेकंदांवर जातो, आणि HC च्या डेटाशीटमध्ये इनपुटची कड ४.५ व्होल्टला ५०० नॅनोसेकंदांपेक्षा संथ नसावी अशी अट असते. संथ कड उंबरठ्याजवळ रेंगाळते, तेवढ्यात जरासा नॉइज आला की एका कडेच्या दोन-तीन कडा होतात आणि काउंटर पुढे उड्या मारतो.

सीमॉसमध्ये म्हणून फॅन-आउट करंटने ठरत नाही, तुम्हाला किती डिले परवडतो यावर ठरतो. दहा इनपुटं म्हणजे ५० पिकोफॅरड, त्यांचा वाढीव डिले याच हिशेबाने ३ नॅनोसेकंदांच्या आत. तेवढं सहज चालतं.

## उलट दिशेने, सीमॉसने टीटीएल चालवता येतं का?

HC ने येतं. ४ मिलीअँपिअर भागिले ०.४, म्हणजे दहा LS इनपुटं, किंवा साध्या 7400 ची दोन. CD4011 सारख्या जुन्या चिपने ५ व्होल्टवर फक्त एक LS इनपुट, कारण तिची क्षमता अर्ध्या मिलीअँपिअरच्या आसपास आहे. साधं 7400 तिच्याने चालत नाही.

## CD4000 मंद असूनही कारखान्यात लोक तो का पसंत करतात?

मंद असण्याचाच फायदा होतो, म्हणून. CD4011 चा ५ व्होल्टवरचा डिले साधारण १२५ नॅनोसेकंद, कमाल २५०. वरचं मार्जिनचं सूत्र स्थिर पातळीचं आहे. ते म्हणतं की अडथळा इतक्या व्होल्टचा हवा. तो किती वेळ टिकला हे त्यात येत नाही. वीस नॅनोसेकंदांचा काटा CD4011 च्या इनपुटवर आला तर गेट हलायला लागेपर्यंत तो संपलेला असतो. तोच काटा 74HC ला पूर्ण पल्स म्हणून दिसतो. त्यात CD4000 ला १२ किंवा १५ व्होल्टवर चालवता येतं, आणि मार्जिन सप्लायच्या प्रमाणात वाढतं. तेव्हा डिले कमी होतो (१५ व्होल्टला सुमारे ४५ नॅनोसेकंद), पण लिमिट स्विच आणि रिलेच्या कामाला हा सौदा फायद्याचा आहे.

गरजेपेक्षा वेगवान चिप लावू नये, हे माझं ठाम मत यातूनच आलं आहे.

## आमच्या लॅबमध्ये २० मेगाहर्ट्झचा सीआरओ आहे. त्यावर डिले मोजता येईल?

थेट नाही. २० मेगाहर्ट्झच्या स्कोपचा स्वतःचा चढण्याचा वेळ ०.३५ भागिले २० मेगाहर्ट्झ, म्हणजे १७.५ नॅनोसेकंद आहे. त्याने ८ नॅनोसेकंद मोजायला गेलात तर स्कोपच मोजला जाईल.

74HC04 चे पाच इन्व्हर्टर एकामागे एक जोडून शेवटचं आउटपुट पहिल्या इनपुटला द्या. विषम संख्येमुळे ते आपोआप ऑसिलेट होतात. कड एकदा फिरायला पाच डिले लागतात, पूर्ण चक्राला दहा. फ्रिक्वेन्सी १२.५ मेगाहर्ट्झ आली तर चक्र ८० नॅनोसेकंदांचं, डिले ८ नॅनोसेकंदांचा. सहावा इन्व्हर्टर रिंगच्या बाहेर, रिंग आणि प्रोब यांच्यामध्ये बफर म्हणून ठेवा आणि प्रोब त्याच्या आउटपुटला लावा, नाहीतर प्रोबचं कपॅसिटन्स रिंगलाच संथ करेल. लाट वाकडी दिसेल, पण चक्र मोजायला तेवढी पुरते. नंतर त्याच जागी 74LS04 लावा, आणि मग रिंगमधल्या एखाद्या आउटपुटवर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला जोडून दोन्हींत फ्रिक्वेन्सी किती पडते ते पाहा.

## न वापरलेल्या इनपुटांचं काय करायचं? पावसाळ्यात काही फरक पडतो का?

LS चं इनपुट मोकळं सोडलं तर ते स्वतःहून हाय मानलं जातं, पण ते उंबरठ्याच्या अगदी जवळ तरंगत असतं, त्याला मार्जिन जवळपास नसतंच. HC चं मोकळं इनपुट तर कुठेही जातं, त्याने चिप गरम होऊ शकते आणि शेजारचं गेटही बिघडलेलं वाटतं. म्हणून प्रत्येक इनपुट कुठेतरी बांधा.

इथेही कुटुंब बदललं की रेझिस्टर बदलतो. LS ला ग्राउंडकडे बांधायचं तर त्याचे ०.४ मिलीअँपिअर ०.८ व्होल्टच्या आत वाहून गेले पाहिजेत, म्हणजे २ किलोओहमची कमाल मर्यादा. प्रत्यक्षात थोडं मार्जिन ठेवायला १ किलोओहम किंवा त्याहून कमी लावा. LS ला १०० किलोओहमने ग्राउंडला बांधलेलं कार्ड दुरुस्तीला येतं, तेव्हा ते इनपुट हायच वाचत असतं.

HC ला १ मेगाओहमही चालतो असं पुस्तक सांगतं. खाडीलगतच्या ऐरोली-घणसोली पट्ट्यात जून ते सप्टेंबर कार्डावर ओल आणि फ्लक्सचा थर असतो, आणि दोन ट्रॅकमधली गळती मेगाओहमच्या घरात उतरू शकते. मग १ मेगाओहमच्या पुल-डाउनशी तिची वाटणी होऊन इनपुट उंबरठ्यावर येऊन बसतं. १० किलोओहम लावा. कार्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, हेअर ड्रायरने वाळवून पुन्हा तपासा. धुतल्यावर दोष गेला तर चिप बदलायची गरज नव्हती, आणि काउंटरवर 74HC बसवण्याची वेळही आली नसती.